मुलांच्या नृत्य-संगीत अकादमीची टॅगलाइन: 'अभ्यास बुडतो' म्हणणाऱ्या पालकांशी काय बोलावं?

प्रश्न: नाशिकला आमची मुलांसाठी अकादमी आहे. कथक, गायन आणि तबला शिकवतो. मुलं सहावी-सातवीपर्यंत आनंदाने येतात, मग 'अभ्यास बुडतो' म्हणून आईवडील काढून घेतात. नवीन पालकही चौकशी करतात आणि 'हे सगळं लक्ष विचलित करणारं' म्हणून थांबतात. अशा पालकांना पटेल अशी टॅगलाइन हवी आहे. आमच्या मनात 'स्वप्नांना पंख' आहे. चालेल का?

उत्तर:

'स्वप्नांना पंख' बाजूला ठेवा. ओळ कानाला बरी वाटते, पण ती तुमची नाही. तुमच्या अकादमीचं नाव खोडून तिथे अबॅकसचा क्लास, नर्सरी किंवा परदेशी शिक्षणाचं सल्ला केंद्र लिहून बघा, ओळ तितकीच चपखल बसेल. जी ओळ कुणाच्याही नावाखाली चालते, ती कुणाचंच काम करत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत ती थोडी उलटही जाईल. ज्या वडिलांना आधीच धास्ती आहे की मुलगी उद्या 'मला नाचातच करिअर करायचंय' म्हणेल, त्यांना तुम्ही पाटीवरच सांगताय की हो, तेच होणार आहे. पंख फुटणार आहेत.

मी जाहिरातींचं लेखन करतो आणि शाळा, क्लास, छंदवर्ग यांचं काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतं. अशा कामात पहिला प्रश्न ओळ कशी लिहायची हा नसतो. समोरचा नक्की कशाला नाही म्हणतोय, हे आधी बघावं लागतं. तुमच्याकडे चौकशीची वही असेल, नसेल तर आजपासून ठेवा. त्यात पालकांचं कारण तुमच्या शब्दांत लिहू नका, ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहा. मला खात्री आहे की त्यात अशी वाक्यं सापडतील: 'आता सातवी आहे ना, पुढच्या वर्षी बघू.' 'ट्यूशनची वेळ आणि तुमची वेळ एकच येते.' 'हिला आवड आहे हो, पण हिचे बाबा म्हणतात कशाला.' 'दहावी झाली की परत येईल.'

ही वाक्यं नीट वाचा. यात कला वाईट आहे असं कुणीही म्हणत नाही. सोसायटीच्या गणपतीत मुलगी स्टेजवर उभी राहिली की हेच बाबा पहिल्या रांगेत मोबाईल धरून शूटिंग करत असतात. त्यांची तक्रार संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांबद्दल आहे. क्लासचा एक तास, जाण्यायेण्याचा अर्धा, वर गॅदरिंग किंवा वार्षिक कार्यक्रमाआधीच्या तालमी, आणि हे सगळं नेमकं घटक चाचणीच्या आठवड्यात. म्हणून 'कला जोपासा, जीवन फुलवा' किंवा 'संस्कृतीचा वारसा पुढच्या पिढीकडे' या ओळींना ते मनापासून मान डोलावतील आणि जूनमध्ये मुलीचं नाव काढून घेतील. ज्या मुद्द्यावर ते तुमच्याशी सहमतच आहेत, तो पटवण्यात ओळ खर्च करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. चौकशीला बहुतेक वेळा एकच पालक येतो, बहुधा आई. ती निम्मी तयार असते. खरा निकाल त्या रात्री जेवताना लागतो, आणि तिथे तुम्ही नसता. नवरा विचारतो, 'काय म्हणाले? कशाला हवंय ते?' आजी-आजोबा असतील तर त्यांचंही मत असतं. त्या क्षणी आईच्या तोंडून जे वाक्य निघेल, ते तुम्ही तिला दिलेलं असेल तर टॅगलाइनने काम केलं. 'अहो, ते स्वप्नांना पंख देतात' असं कुठलीही आई पोळी वाढताना म्हणणार नाही. तुमच्या ओळीची पहिली कसोटी हीच ठेवा: ती घरात, साध्या आवाजात, न लाजता म्हणता येते का?

आक्षेप असलेल्या ग्राहकाशी कसं बोलावं याचं आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे सर्फ एक्सेलचं 'दाग अच्छे हैं'. कपडे मळणं ही आईची खरी डोकेदुखी. जाहिरातीने ती नाकारली नाही, 'डाग पडतच नाहीत' असंही म्हटलं नाही. डाग पडला हे मान्य केलं आणि तो का पडला तेवढं दाखवलं: पोर कुणाला तरी मदत करताना चिखलात लोळलं. पण या ओळीबद्दल बोलताना एक बाजू विसरली जाते. ती ओळ टिकली, कारण पाठीशी डाग काढणारी पावडर होती. डाग चांगला, आणि तो आम्ही काढूनही देतो. तुम्हाला दोन्ही हवंय. पालकांच्या काळजीकडे नव्याने बघायला लावणारी ओळ हवी, आणि ती काळजी खरोखर मिटवणारी व्यवस्थाही हवी. दुसरं नसेल तर पहिलं म्हणजे नुसती चतुराई, आणि ती एका सत्रात उघडी पडते.

आता मोहाबद्दल सांगतो, कारण तुमच्या जागी कुणीही याच मोहात पडेल. पालकांना मार्क हवेत, मग सरळ म्हणूया: 'संगीताने बुद्धी वाढते', 'नृत्य शिका, गणितात पुढे जा'. हे करू नका, आणि केवळ सभ्यतेसाठी नाही.

या समजुतीची मोठी लाट १९९३ साली आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्विन इथल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख छापला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली, आणि त्यानंतर आकृत्यांशी संबंधित एका प्रकारच्या प्रश्नांत त्यांनी थोडे जास्त गुण मिळवले. परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. त्यात लहान मुलं नव्हती, आणि शिकणं नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. पुढे टोरांटोजवळ ग्लेन शेलेनबर्ग यांनी जास्त नेटका प्रयोग केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले: काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. वर्षभराने सगळ्याच गटांचा बुद्ध्यांक वाढला, कारण मुलं शाळेत जायला लागली होती. संगीताच्या गटांचा थोडा जास्त वाढला, फरक तीनेक गुणांचा. नाटकाच्या गटाचा बुद्ध्यांक जास्त वाढला नाही, पण त्यांचं इतरांशी वागणं सुधारलं. त्यानंतर अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले गेले. २०२० मधल्या अशा एका मोठ्या आढाव्यात, प्रयोग जितका काटेकोर तितका फायदा कमी, आणि नीट आखलेल्या प्रयोगांत जवळपास शून्य, असं दिसलं.

म्हणजे या दाव्याखाली पक्की जमीन नाही. नाशिकमध्ये डॉक्टर आणि इंजिनियर पालक कमी नाहीत, त्यातला एक जण फोनवर दोन मिनिटांत हे शोधून काढेल. कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि मुलांची बुद्धी वाढेल असे दावे पुराव्याशिवाय करण्याबद्दल २०२२ च्या मार्गदर्शक सूचना कडक आहेत. तुमच्यासारख्या छोट्या अकादमीवर उद्या नोटीस येईल असं मी म्हणत नाही. पण सहामाहीला मुलाचे गणिताचे मार्क घसरले की ते पालक तुमची पाटी तुम्हालाच वाचून दाखवतील, हे मात्र नक्की होईल.

दहावीच्या अतिरिक्त गुणांचं काय, असं तुम्ही विचाराल. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेकडून उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव गुण मिळतात. हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. ते माहितीपत्रकात सांगा, समोरासमोर सांगा, मंडळाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाची प्रत दाखवून सांगा. टॅगलाइनमध्ये मात्र आणू नका. एक तर ही सवलत राज्य मंडळापुरती आहे, सीबीएसईच्या पालकांना तिचा उपयोग नाही. दुसरं, नियम सरकार बदलू शकतं आणि पाटी तुमची असते. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मार्कांसाठी आलेला पालक हिशेबाने येतो. लागतील तेवढ्या परीक्षा झाल्या की तो मुलाला त्याच हिशेबाने काढून घेतो. गळती थांबवायला निघालात आणि गळतीची तारीख स्वतःच छापून दिलीत, असं होईल.

मग ओळ कशातून काढायची? वर्गात जाऊन बसा. तुम्ही रोज तिथे असता, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. कला म्हणजे काय हे माहीत नसलेल्या पण अभ्यासाची काळजी असलेल्या बापाच्या नजरेने तासभर बघा. त्याला ओळखीचं वाटेल असं तिथे काय घडतं, ते टिपा.

उदाहरणादाखल कथकच्या वर्गातली पढंत घ्या. दहा वर्षांची मुलगी नाचायचं थांबते, उभी राहून तोंडाने बोल म्हणते, आणि त्याच वेळी हाताने तीनतालाच्या सोळा मात्रा दाखवते. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. तोंडात एक चालू, हातात दुसरं चालू, आणि दोन्ही एकत्र समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवीत. मग दुगुण करायला सांगितलं की तोंडाचा वेग दुप्पट होतो, हात मात्र होता त्याच लयीत राहतो. तिहाई आणखी मजेची आहे. पाच मात्रांचा एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि मधल्या दोन्ही जागी एकेक मात्रा थांबायचं. पाच, एक, पाच, एक, पाच, बेरीज सतरा. आवर्तन सोळाचं, म्हणजे शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर पडतो. मुलीचा थांबा अर्ध्या मात्रेने जरी चुकला तरी शेवट समेच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतो, आणि तो चुकला हे तिला कुणी सांगावं लागत नाही. तिचं तिलाच कळतं. मग ती न सांगता पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मी सांगतो, हे दृश्य कुठल्याही साशंक बापाला बघू द्या. त्याला तिहाई कळणार नाही. पण घरी दहा मिनिटं पुस्तक घेऊन न बसणारी आपली मुलगी एका चुकीसाठी पाच वेळा मागे जातेय, हे त्याला लगेच दिसेल. यातून तिचं गणित सुधारेल का? माहीत नाही, आणि आपण तसं म्हणायचंही नाही. पण आत्ता, या खोलीत, तिचं लक्ष आहे. एवढं डोळ्यांना दिसतं.

यावरून मी कच्च्या ओळी कशा लिहिल्या असत्या आणि का खोडल्या असत्या, ते दाखवतो. मथळे निवडण्यापेक्षा खोडण्याची कारणं जास्त उपयोगी पडतात.

'अभ्यासाबरोबर कलाही.' प्रामाणिक आहे, पण त्या 'ही'ने कला शेपटीला बांधली. वेळ कमी पडला की 'ही'वालं आधी सुटतं.

'ताल सांभाळतो तो वेळ सांभाळतो.' यमकाच्या मोहाने आलेली ओळ. म्हणीसारखी वाजते, म्हणून ऐकून सोडून दिली जाते. आणि खरी तरी कुठे आहे? तालात पक्के असलेले आणि मैफलीला तासभर उशिरा येणारे कलाकार सगळ्यांनी पाहिलेत.

'मोबाईल खाली, तानपुरा वर.' ही मला आवडते, कारण यात एक नेमकं निरीक्षण आहे: क्लास बंद केल्यावर तो तास अभ्यासाला जातोच असं नाही, बऱ्याचदा तो मोबाईलला जातो. आई हे जाणते. पण कायमच्या टॅगलाइनला ही ओळ भांडखोर आहे, आणि मूल ती वाचून तुमच्याकडे शिक्षा म्हणून येईल. मे महिन्याच्या सुट्टीतल्या वर्गाच्या पत्रकावर एकदा जरूर वापरा.

'अभ्यास इथेही होतो.' जवळ आलो. पालकाचाच शब्द घेतला, वाद घातला नाही. पण किंचित बचावात्मक आहे, कुणीतरी आरोप केला आणि आपण उत्तर देतोय अशी. आणि रस्त्यावरून वाचणाऱ्याला वाटेल की इथे शिकवणीही आहे. असे चौकशीचे फोन खरंच येतील.

'रोज थोडं, नीट, पुन्हा.' रियाजाचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही. आधीच पटलेल्या पालकांना ती फार आवडेल. न पटलेल्याला मात्र यात काळजीचं उत्तर मिळत नाही. उलट 'रोज' वाचून तो आणखी दचकेल. वर्गाच्या आतल्या भिंतीवर लावा.

आणि मग ही: 'इथे लक्ष लागतं.'

मी हीच घ्या म्हणेन. पालक तुमच्याकडे 'लक्ष विचलित होईल' ही तक्रार घेऊन येतात, आणि घरी रोज 'याचं लक्षच लागत नाही' म्हणतात. ओळ त्या दोन्ही वाक्यांच्या बरोबर मधे उभी राहते. तीन शब्द आहेत. भविष्याचं वचन एकही नाही. 'लागेल', 'वाढेल', 'घडेल' असं काही नाही, जे आहे ते वर्तमानात आहे आणि दार उघडून तपासता येतं. 'इथे' म्हटल्यामुळे दावा तुमच्या चार भिंतींपुरता राहतो. आणि आई हे रात्री सहज म्हणू शकते: 'अगदी खरं सांगू, तिथे तिचं लक्ष लागतं.' वाक्य तुमचं राहत नाही, तिचं होतं.

नावाखाली दुसरी, बारीक ओळ साधी माहितीची ठेवा: कथक, गायन, तबला, आणि कोणत्या वयापासून. टॅगलाइनवर सगळा भार टाकू नका. तीन शब्दांतून नृत्य-संगीत कळत नाही ही या ओळीची उणीव आहे, ती या बारीक ओळीने भरून काढायची.

आता पावडरीकडे येतो. ही ओळ लावायची तर तुमच्या वर्गात लक्ष खरोखर लागलेलं असायला हवं. एका गुरूसमोर तीस मुलं आणि मागच्या दोन रांगा गप्पा मारतायत असं असेल, तर ही ओळ लावू नका, पालक दारातूनच हसतील. पढंतीसाठी प्रत्येक मुलाची पाळी त्याच तासात येईल एवढाच गट ठेवावा लागेल. पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाही ही ओळ लागू पडत नाही. ती येतात, उड्या मारतात, आणि तेच त्यांच्या वयाला योग्य आहे. त्यांच्या पत्रकावर टॅगलाइन छापूच नका.

दुसरी व्यवस्था परीक्षेच्या महिन्याची. तुमची गळती नेमकी कुठे होते ते बघा: बहुधा मार्चमध्ये 'परीक्षेपुरतं थांबतो' म्हणून थांबलेली मुलं जूनमध्ये परत येतच नाहीत. तेव्हा थांबण्याऐवजी कमी करण्याचा पर्याय तुम्हीच आधी द्या. सत्राच्या सुरुवातीला एक कागद हातात ठेवा: शाळेच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून एकच दिवस वर्ग, घरी रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त रियाज सांगणार नाही, या काळात कार्यक्रमाच्या तालमी नाहीत, आणि फी त्या प्रमाणात कमी. नववी-दहावीसाठी हाच कागद वर्षभराचा करा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवत असाल तर तिथेही नीट जुळवता येतं. वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचं उन्हाळ्यातलं सत्र बहुतेक मुलांना सोयीचं जातं, आणि दहावीच्या वर्षी परीक्षेला बसवायचंच नाही हे आधीच ठरवून टाका. फी कमी करताना तुमचं पोट दुखेल, पण आठवीत वर्ग सोडून गेलेलं मूल पूर्ण फी घेऊन जातं हेही हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट, बघायला बोलवा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर्गाची शेवटची पंधरा मिनिटं पालकांसाठी उघडी ठेवा. कार्यक्रम नको, वेशभूषा नको, मेकअप तर नकोच. नेहमीचा वर्ग, नेहमीच्या चुका. वार्षिक संमेलनाने पालक खूश होतात, पण तालमींत गेलेले आठवडे आठवून 'अभ्यास बुडतो' हे मत तिथेच पक्कं होतं. साधा वर्ग बघितला तर त्यांना तुमची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. निमंत्रण आईला नको, बाबांच्या नावाने पाठवा.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. 'इथे लक्ष लागतं' वाचून असे पालक येतील ज्यांच्या मुलाला खरोखर एकाग्रतेची अडचण आहे, कदाचित डॉक्टरांनी निदानही केलेलं आहे, आणि त्यांना तुमच्याकडून उपचार हवा असेल. फोन घेणाऱ्याला उत्तर पाठ असू द्या: 'आम्ही कथक शिकवतो, उपचार करत नाही. दोन वर्ग बसवून बघा, त्याला आवडलं तर ठेवा, आणि डॉक्टरांचं जे चालू आहे ते चालू ठेवा.' पत्रकात चुकूनही 'एकाग्रता वाढते' लिहू नका. मजकूर लिहिणारा मुलगा हमखास लिहून आणतो, ते खोडावं लागतं.

ओळ कायम करण्याआधी तपासा, पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कशी वाटली?' असं विचारून नाही. तिथे सगळे अंगठे दाखवतात. जे पालक सोडून गेले त्यांच्यातल्या चार-पाच जणांना भेटा. कागदावर अकादमीचं नाव आणि खाली ओळ लिहून क्षणभर दाखवा, कागद उलटा करा आणि विचारा, 'यांचं म्हणणं काय आहे?' त्यांनी 'मुलांचं लक्ष लागतं म्हणे' असं काहीतरी म्हटलं तर झालं. 'छान आहे' म्हणाले तर कळलं नाही असं समजा. कुणी 'खरंच का?' असं जरा कुत्सितपणे विचारलं तर ते सगळ्यात चांगलं उत्तर आहे; त्यांना शनिवारी बोलवा. आणि दोन दिवसांनी फोन करून ओळ आठवते का ते बघा. अचूक शब्द आठवले नाहीत तरी 'लक्ष' आठवायला हवं.

पाटीबद्दल थोडक्यात. दुरून वाचायच्या अक्षरांचा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की दर दहा फुटांना एक इंच उंची. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे चाळीस फुटांवरून वाचायची तर अक्षर चार इंच हवं, आणि देवनागरीत वेलांटी-मात्रांना वर आणखी जागा लागते. सुलेखनाच्या वळणदार अक्षरांचा आग्रह धरू नका, 'क्ष' लांबून गिचमिड दिसतो. शेजारी घुंगरू, वीणा, मोर, नटराज असं सगळं एकत्र नको; एकही नसलं तरी चालेल. इंग्रजी माध्यमातल्या पालकांसाठी इंग्रजी ओळ हवी असेल तर ती वेगळी लिहून घ्या, हिचं भाषांतर करू नका. आणि पाटीवर दोन्ही लिपी असतील तर आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मराठी अक्षरं दुसऱ्यांपेक्षा लहान नसावीत.

ट्रेडमार्कसाठी आत्ता धडपड नको. तीन शब्दांच्या ओळीवर कॉपीराइट मिळत नाही. ट्रेडमार्क शिक्षण आणि मनोरंजनाच्या ४१ व्या वर्गात मागता येतो, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार रुपये आहे. पण अशा वर्णनात्मक ओळीवर हरकत निघण्याची शक्यता बरीच असते. आधी अकादमीचं नाव नोंदवा. ओळ दुसऱ्या कुणी वापरत नाही ना, एवढं ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात आणि गावातल्या पाट्यांवर बघून घ्या.

ओळ चालली की नाही हे नव्या प्रवेशांवरून लगेच ठरवू नका, जूनमध्ये प्रवेश तसेही वाढतात. दोनच गोष्टी वहीत नोंदवा: चौकशीला दोघं पालक किती वेळा एकत्र आले, आणि मार्चमध्ये शिकत असलेल्या सातवी-आठवीच्या मुलांपैकी जुलैत किती उरली. दुसरा आकडा गेल्या वर्षीचा आत्ताच काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार? परीक्षेच्या महिन्याचा कागद जानेवारीत पालकांच्या हातात पडायला हवा आणि पाटी मार्चअखेर लागायला हवी, कारण एप्रिलमध्ये सुट्टीच्या वर्गांची चौकशी सुरू होते. दोन्हीतलं एकच वेळेत होणार असेल तर आधी कागद करा.